कपाच्या कानालाही हातमोजा

मनालीतला फोटो. भाचीच्या अंगात जाड जॅकेट, डोक्यावर कानटोपी, उजव्या हातात चहाचा कप, डाव्या हातात फोन आणि दोन्ही हात उघडेच. "मामा, हातमोजे घाल ना मला," एवढाच हट्ट. मी कॉम्प्युटरवर चित्र रंगवणाऱ्या एआय मॉडेलपुढे फोटो ठेवला, दोन्ही हातांवर मास्क फिरवला आणि 'निळे लोकरीचे हातमोजे' असं मागितलं. हातमोजे सुरेख आले. फक्त कपावर सहा बोटं होती, आणि सहावं बोट म्हणजे कपाचा कान! तोही निळ्या लोकरीत विणलेला.

हे का होतं, ते कळलं तेव्हा मला हसण्यापेक्षा नवल जास्त वाटलं. स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातलं मॉडेल तुमचा फोटो आहे तसा पाहतच नाही. आधी तो आक्रसतो: उभे 8 आणि आडवे 8 पिक्सेल मिळून एक घर होतं. माझा मूळ फोटो 4000 पिक्सेल रुंद होता, तो 1024 वर आणला. त्यात एका बोटाची रुंदी उरली 24 पिक्सेल, म्हणजे जेमतेम 3 घरं. तीन ठिपक्यांत बोट आणि त्याला खेटून आणखी तीन ठिपक्यांत कपाचा कान. दोन्ही गोल, दोन्ही वाकलेले. गल्लत न झाली तरच आश्चर्य.

उपाय साधा निघाला. मूळ फोटोतला हाताभोवतीचा 800 पिक्सेलचा चौकोनच तेवढा कापायचा, 1024 पर्यंत ताणायचा, त्यावर काम करायचं आणि परत जागेवर चिकटवायचं. काही प्रोग्रॅममध्ये यासाठी `Only masked` अशी खूणच असते. आता तेच बोट 120 पिक्सेलचं, म्हणजे 15 घरांचं झालं. मास्क कानाच्या कडेवरून काळजीपूर्वक वळवला आणि कान बाहेर ठेवला. मोकळ्या बाजूला मात्र तो बोटांच्या थोडा बाहेर नेला, कारण लोकरीलाही जाडी असते.

तरी एक कोडं उरलं. करंगळी कपाआड दडलेली होती. मॉडेलला पाच बोटांची सवय, त्यामुळे ते हरवलेलं बोट कुठेतरी उगवून द्यायला टपलेलं! इथे खोलीचा नकाशा कामी येतो. जवळचं ते पांढरं, लांबचं ते काळं, असं करड्या छटांचं चित्र मूळ फोटोवरून तयार होतं आणि `ControlNet` ते मॉडेलच्या पुढ्यात धरून ठेवतं. तर्जनी कानातून आरपार गेली आहे, मधलं बोट कानाखाली टेकलं आहे, हे सगळं त्या छटांत नोंदलेलं असतं. नकाशात नसलेलं बोट काढायला मग सहसा वाव उरत नाही.

पण नकाशा उघड्या हाताचा. तो शेवटपर्यंत धरून ठेवला, तर हातमोजे डॉक्टरांच्या रबरी मोज्यांसारखे कातडीला चिकटून येतात. इथली गंमत मला सगळ्यात आवडते. मॉडेल चित्र काढतं ते जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या गोंधळातून, पायरी पायरीने. सुरुवातीच्या पायऱ्यांत कुठे काय आहे ते ठरतं, शेवटच्या पायऱ्यांत टाके आणि लव उगवते. म्हणून नकाशा 60 टक्के पायऱ्यांपर्यंतच धरला आणि मग सोडून दिला. बोटं जागच्या जागी राहिली आणि त्यांच्यावर लोकर मनासारखी फुलली.

`Denoising strength` हा आकडा मूळ चित्र किती विसरायचं ते सांगतो. 0.3 वर निळ्या रंगातून नखं डोकावत राहिली, तर 1 वर मूळ रंग आणि छाया पार पुसल्या गेल्या. शेवटी मी बोटांवर आधी सपाट निळा रंग फासला आणि आकडा 0.65 ठेवला. नखं गेली. नख गेलं की बोट कुठे तोंड करून आहे हेही कळेनासं होतं. ते काम आता विणीला करावं लागतं. पेर वाकतं तिथे टाक्यांच्या ओळी बाहेरून ताणल्या गेल्या पाहिजेत आणि आतून दाटल्या पाहिजेत. बरोबर आलंय का हे पाहायला मी अंगठ्यापासून एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत नजरेने चाचपतो, आणि कपाची कड बोटामागे शिरते त्याच रेषेत पलीकडे निघते ना, ते बघतो.

सगळं जमलं असं वाटलं आणि फोन दिसला. स्क्रीनच्या काळ्या काचेत अंगठ्याचं प्रतिबिंब अजून उघडंच होतं, नखासकट. काचेवर वेगळा छोटा मास्क घालून तेही झाकलं.

भाचीने फोटो मोठा करून पाहिला. "मामा, लोकरीच्या मोज्यातून स्क्रीन चालतच नाही." खरंच की. काचेला बोटातून जाणारी सूक्ष्म वीज लागते, आणि लोकर ती अडवते. बाजारात टचस्क्रीनचे हातमोजे मिळतात, त्यांच्या टोकाला वीजवाहक धागा विणलेला असतो. मी अंगठ्याच्या टोकापुरता पुन्हा मास्क घातला आणि तेवढे टाके करडे केले.