बिल हातात, पण २बी मध्ये नाही

सांगलीतल्या हार्डवेअर दुकानदाराने जुलैमध्ये एक लाखाचा माल घेतला आणि त्यावर १८ हजार जीएसटी भरला. ही रक्कम त्याला स्वतःच्या करातून वजा करता येते, पण बिल जीएसटी पोर्टलवरच्या GSTR-2B मध्ये दिसत असेल तरच. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून हा तक्ता पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. खरेदीवहीशी तो ताडताना हे बिल सापडलेच नाही.

अशा वेळी आधी बिल क्रमांकाऐवजी पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि रक्कम धरून शोधावे, कारण क्रमांकातली एखादी रेघ सुटली तरी जोडी जुळत नाही. इथे तसेही सापडले नाही. फोन केल्यावर कळले, की पुरवठादाराने विक्री किरकोळ ग्राहकाच्या खात्यात दाखवली होती. कर सरकारजमा झाला, पण दुकानदाराच्या नावावर चढला नाही. पुरवठादाराने पुढच्या GSTR-1 मध्ये दुरुस्ती केली, की बिल त्यानंतरच्या २बी मध्ये येते. तोवर ते १८ हजार खिशातूनच भरावे लागतात, आणि मला हे अन्यायाचे वाटते. पाठपुरावा लेखी करावा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरनंतर दुरुस्तीची वाट बंद होते.