शुद्धिपत्र कुठवर पुरते?
चूक एखाद-दुसरी असेल तर शुद्धिपत्र पुरते. त्यात पान, ओळ, चुकीचा आणि बरोबर मजकूर द्यावा. सुटी चिठ्ठी गळून पडते, म्हणून कडेला खळीची बारीक रेघ ओढून ती त्या पानालाच डकवावी.

२०१० साली ब्रिटनमध्ये जोनाथन फ्रँझन यांच्या ‘फ्रीडम’ कादंबरीला हा उपाय चालणार नव्हता. छपाईला अंतिम फाइलऐवजी आधीचीच गेली होती आणि दुरुस्त्या पुस्तकभर विखुरलेल्या होत्या. प्रकाशकाने घोळ उघड मान्य केला, वाचकांना प्रत बदलून देऊ केली. खर्चिक, पण बरोबर.

दुरुस्त आवृत्तीच्या श्रेयपानावर ‘दुरुस्तीसह पुनर्मुद्रण’ आणि महिना-वर्ष छापावे; नाहीतर दुकानात दोन्ही प्रती सारख्याच दिसतात.