प्रवेशद्वाराला रॅम्प हवा? अर्जात मापं लिहा

आपल्या वस्तीतल्या जुन्या इमारतींच्या दारात सहसा तीन-चार पायऱ्या असतात. जवान माणसाला त्या दिसतही नाहीत. गुडघे गेलेल्या बुजुर्गांसाठी मात्र त्याच पायऱ्या घर आणि मशीद, घर आणि दवाखाना यांच्यामध्ये उभ्या राहतात. मग ते सोसायटीच्या कमिटीला अर्ज देतात: "वयोमानामुळे चढता येत नाही, कृपया सोय करावी." कमिटी 'बघू' म्हणते आणि अर्ज फाईलला लागतो. अर्जात नक्की काय, कुठे आणि किती हवं हेच नसेल, तर कमिटीने ठराव तरी कशाचा करायचा?

एक उदाहरण घेऊ. बहात्तर वर्षांचे एक चाचा काठी घेऊन चालतात. त्यांच्या बेगम व्हीलचेअरवर आहेत. दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत, म्हणजे एकूण उंची अठरा इंच. दारापासून समोरच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जागा तेरा फूट.

इथे गरजा दोन आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. काठीवाल्या माणसाला उतारापेक्षा पायरी बरी वाटते, फक्त धरायला दोन्ही बाजूंना रेलिंग हवी. उतारावर पाऊल तिरकं पडतं आणि गुडघ्यावर जोर येतो. व्हीलचेअरला मात्र रॅम्पशिवाय इलाज नाही. म्हणून अर्जात रेलिंग आणि रॅम्प असे दोन वेगळे मुद्दे लिहावेत. रेलिंगचं काम लहान, कमी खर्चाचं. रॅम्पची चर्चा लांबली, तरी रेलिंग अडकून पडू नये.

आता रॅम्पचं माप. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उतार एकास बारा असावा. एक इंच उंचीला एक फूट लांबी, असा हा सोपा हिशेब. अठरा इंचांना अठरा फूट. वर दारासमोर आणि खाली जमिनीवर व्हीलचेअर वळवायला पाच-पाच फुटांची सपाट जागा वेगळी. रुंदी चार फूट.

समोर तेराच फूट आहेत. अशा वेळी मिस्त्री म्हणतो, "आठ फुटांत बसवून देतो." इथेच काम बिघडतं. तेवढ्या चढावर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना ती हातातून सुटू शकते. सरळ रॅम्प बसत नसेल, तर दारासमोरच्या सपाट जागेवरून वळवून तो इमारतीच्या भिंतीलगत न्यावा. आपल्या उदाहरणात त्यासाठी भिंतीलगतच्या काही स्कूटर हलवाव्या लागतील. हे अर्जातच लिहावं आणि सोबत हाताने काढलेला साधा नकाशा जोडावा. अग्निशमन गाडीची वाट अडत नाही ना, पालिकेची परवानगी लागते का, हे सोसायटीच्या आर्किटेक्टला विचारून घ्यावं.

रॅम्पच्याही दोन्ही बाजूंना रेलिंग लागते. तिचे दांडे दोन उंचींवर असावेत, साधारण तीस आणि पस्तीस इंच. दांडा मुठीत मावेल असा गोल, दीड इंच जाडीचा. भिंतीपासून दोन इंच अंतर हवं, नाहीतर बोटं अडकतात. पायऱ्या किंवा उतार संपला तिथेच दांडा संपू नये. तो फूटभर पुढे यावा, कारण तोल बहुतेक शेवटच्या पावलाला जातो. रॅम्पवर चकचकीत टाईल्स नकोत, पावसात पाय घसरतो. खरबरीत काँक्रीट चालतं. उघड्या कडेला उंचवटा ठेवावा, म्हणजे चाक खाली उतरणार नाही.

अर्ज सेक्रेटरींच्या नावे दोन प्रतींत लिहावा. एक प्रत द्यावी, दुसरीवर तारखेसह पोच घ्यावी. डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. विषय कमिटीच्या पुढच्या सभेत घ्यावा आणि निर्णय लेखी कळवावा, अशी विनंती करावी. कमिटीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो, ते सोसायटीच्या उपविधीत दिलेलं असतं. खर्च त्यावर गेला तर विषय सर्वसाधारण सभेत न्यावा लागतो. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणून तिची नोटीस निघण्याआधीच अर्ज पोचलेला हवा.

काम झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी उतार तपासावा. दोन फुटी लेव्हलपट्टी रॅम्पवर चढाच्या दिशेने ठेवून तिच्या खालच्या टोकाखाली दोन इंचांचा ठोकळा द्यायचा. बुडबुडा मधोमध आला तर उतार बरोबर आहे. तो वरच्या टोकाकडे सरकला तर चढ जास्त झाला आहे, आणि ओलं काम असतानाच मिस्त्रीला ते दुरुस्त करायला सांगता येतं.