खांबावरच्या कॅमेऱ्याला दिसलेलं उघडं डोकं

सिग्नल सुटला की चौकातून दुचाक्यांचा लोंढा निघतो. त्यातले हेल्मेट न घातलेले तेवढे खांबावरच्या कॅमेऱ्याने टिपायचे असतात. त्यासाठी संगणक चित्रात आधी दुचाकी शोधतो, मग तिच्यावर बसलेली माणसं, मग एकेकाचं डोकं. तेवढाच तुकडा बाजूला काढून ते झाकलेलं आहे की उघडं, हे तो ठरवतो. नंबरप्लेट वाचायचं काम त्याच्यानंतरचं.

कोण कुठे बसलंय, याचाही हिशेब ठेवावा लागतो. ‘एआय सिटी चॅलेंज’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२३ साली भारतातल्या रस्त्यांच्या चित्रफिती देऊन हेच काम सांगितलं होतं. चालक, त्याच्या मागचा आणि त्याच्याही मागचा, अशा जागा त्यात ठरवल्या होत्या. पुढच्या वर्षी चालकाच्या पुढ्यात बसणाऱ्या मुलासाठी आणखी एक जागा वाढवावी लागली.

चुकीचा इशारा बहुतेकदा अंतरातून जन्मतो. चित्राच्या रुंदीत १९२० ठिपके असतात. कॅमेरा १२ मीटर रुंदीचा रस्ता पाहत असेल तर एका मीटरला १६० ठिपके येतात आणि पाव मीटरचं डोकं ४० ठिपक्यांचं दिसतं. एवढ्यात हेल्मेटची कड, काच, हनुवटीखालचा पट्टा ओळखू येतो. तोच कॅमेरा ४० मीटरचा पट्टा पाहू लागला की डोक्याच्या वाट्याला १२ ठिपके उरतात. मग काळं, बिनचमकीचं हेल्मेट आणि काळे केस यांत मागून पाहताना फरकच राहत नाही. उलटी चूकही होते: रेनकोटची डोक्यावर ओढलेली टोपी हेल्मेट म्हणून खपून जाते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच चुकीची. समजा, एक बाई हेल्मेट घालून स्कूटरवरून चालली आहे. तिच्या पलीकडून, अर्धा मीटर पुढे, उघड्या डोक्याचा एक मोटारसायकलवाला जातो आहे. कॅमेरा तिरका असल्याने त्याचं डोकं नेमकं तिच्या खांद्याच्या मागे येतं. संगणकाला वाटतं, स्कूटरवर दोघं आहेत आणि मागच्याने हेल्मेट घातलेलं नाही. प्लेट वाचली जाते ती स्कूटरची. फोटोत उघडं डोकं खरोखरच आहे, म्हणून तपासणाऱ्यालाही तो फोटो पटतो. खरं काय ते कळायला पुढची चित्रं पाहावी लागतात: सेकंदाभरात ते डोकं स्कूटरपासून सुटून पुढे निघून जातं. मागे बसलेला माणूस असा सुटत नाही.

म्हणूनच एका चित्रावर निकाल न देता गाडीचा माग काढतात. सेकंदाला १० चित्रं धरली तर दोन सेकंदांत २० मिळतात. त्यांतल्या १४ किंवा अधिक चित्रांत डोकं उघडं दिसलं तरच इशारा द्यायचा, असा नियम लावता येतो. दोन-तीन चित्रांत हेडलाइटचा झोत डोळ्यांवर आल्याने झालेली चूक त्यात गळून जाते. पगडीची चूक मात्र गळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने पगडी बांधणाऱ्या शीख चालकाला हेल्मेटमधून सूट दिली आहे, पण पगडी ओळखायला न शिकलेला संगणक विसाच्या वीस चित्रांत ‘हेल्मेट नाही’ असंच म्हणत राहील. एकच चूक वीसदा झाली म्हणजे ती पुरावा ठरत नाही.

आता आकड्यांचा एक खेळ पाहू. आकडे मी कल्पलेले आहेत, हिशेब खरा. संगणक हेल्मेटवाल्यांपैकी शंभरात दोघांवर चुकीचा आळ घेतो आणि बिनहेल्मेटवाल्यांपैकी शंभरात नव्वद पकडतो असं धरू. हजार जणांत ९०० हेल्मेटवाले असले तर १८ चुकीचे आणि ९० खरे, असे १०८ इशारे येतील. सहांतला एक खोटा. पुढे लोकांना सवय लागली आणि ९९० जण हेल्मेट घालू लागले, तर चुकीचे सुमारे २० आणि खरे ९. संगणक तोच आणि त्याची चूकही तेवढीच, तरी आता तीनांतले दोन इशारे निरपराध माणसावर जातात. रस्ता जितका शिस्तीचा होईल, तितका कॅमेऱ्याचा इशारा कमी भरवशाचा होतो.

चौदाऐवजी अठरा चित्रांची अट घातली तर खोटे इशारे कमी होतील, पण गर्दीत क्षणभरच दिसलेले खरे बिनहेल्मेटवालेही निसटतील. हा तोटा मी पत्करेन, कारण दंड हजार रुपयांचा आहे, लायसन तीन महिने जाऊ शकतं आणि आपली चूक नव्हती हे सिद्ध करायला हेलपाटे त्या बाईलाच घालावे लागतात. शिवाय चलन निघण्याआधी प्रत्येक इशारा माणसाने पाहावा, आणि त्याला एक फोटो न देता ती दोन सेकंदांची चित्रफीत द्यावी. दोन-दोन सेकंदांच्या २९ चित्रफिती सलग लावल्या तर त्या मिनिटभराच्या आत संपतात.