२९ रुपये कमी आले, आता बिल बदलायचं का?

समजा, तुम्ही माल बनवून विकता. माल २,००,००० चा, १८ टक्के जीएसटी ३६,००० आणि बिल झालं २,३६,००० चं. गिऱ्हाइकाने आरटीजीएस केलं, पण खात्यात आले २,३५,९७१. विचारलं तर उत्तर येतं, "बँकेचे चार्जेस कापलेत."

आधी खात्री करा की हा टीडीएस नाही. टीडीएस साधारणपणे मालाच्या किंवा कामाच्या मूळ रकमेवर ठरलेल्या टक्क्याने कापतात, म्हणजे १ टक्का धरला तरी इथे २,००० झाले असते. शिवाय तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि 26AS मध्ये दिसतो. २९ रुपये तसे दिसणार नाहीत.

आता बिल कमी करू नका, क्रेडिट नोटही काढू नका. मालाची किंमत बदललेली नाही, त्यामुळे जीएसटी ३६,००० च भरायचा. टॅलीत रिसीट व्हाउचर असं टाका: बँक डेबिट २,३५,९७१, बँक चार्जेस डेबिट २९, पार्टी क्रेडिट २,३६,०००. नाहीतर पार्टीच्या खात्यावर ते २९ रुपये वर्षभर लोंबकळत राहतात आणि मार्चमध्ये सीएचा फोन येतो. या २९ मधल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मात्र घेऊ नका, कारण चार्ज गिऱ्हाइकाच्या बँकेने लावलाय, पावती त्याच्या नावावर आहे.

२९ रुपयांसाठी भांडू नका हो, पण दर बिलाला हेच होत असेल तर पुढच्या कोटेशनवरच लिहा: "पैसे पाठवण्याचे बँक चार्जेस खरेदीदाराकडे."