झोपेआधीची तीस मिनिटं

मला अकराला झोपायचं असतं, म्हणून साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला जातो. पहिली पाच मिनिटं वही-पेन घेऊन उद्याची कामं लिहायची, अगदी 'गॅसचा नंबर लावणे' इतकी बारीक. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात झोपताना उद्याची यादी करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं आधी झोप लागली. यादी तपशीलवार असेल तर आणखी लवकर.

मग दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात. पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते, आणि आतलं तापमान उतरू लागलं की डोळे जड होतात. पाणी चटका देणारं नको. (मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर हे टाळाच.)

उरलेला वेळ वाचन. इथे मी आधी फसलो होतो: शांत वाटेल म्हणून रहस्यकथा घेतली आणि साडेबारा वाजले! 'पुढे काय?' असं वाटायला लावणारं काहीच नको. आता पूर्वी वाचलेलेच ललित लेख, मंद पिवळ्या दिव्यात. एकाच ओळीवर नजर पुन्हा पुन्हा जाऊ लागली की दिवा बंद.