शनिवारी सकाळी नऊचा मराठीचा तास

न्यू जर्सीत शनिवारी सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. मूल नाश्ता करून ताजंतवानं झालेलं असतं आणि बाईंनाही जागरण करावं लागत नाही. म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुलांना ही वेळ सोयीची पडते. कॅलिफोर्नियाच्या मुलांना मात्र याच तासाला बसवता येत नाही, कारण तिथे तेव्हा सकाळचे सहाच वाजलेले असतात. त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी सहाची वेळ ठेवली, तर पुण्यात रविवारी सकाळचे साडेसहा वाजतात.

ही वेळ वर्षभर टिकत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. भारतात ती बदलत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात न्यू जर्सीच्या नऊला पुण्यात साडेसात होतात. ब्रिटनमध्ये हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. दोन्ही देशांतली मुलं एकाच वर्गात असली, तर मधल्या आठवड्यांत कुणीतरी हमखास तासभर चुकतं. म्हणून वेळापत्रकात मुलाची स्थानिक वेळ कायम ठेवायची आणि बदल बाईंनी सोसायचा, हे बरं.

वर्गात येणाऱ्या बहुतेक मुलांना घरातली मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीत येतं. त्यांना बोलतं करायचं असेल, तर पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला चार-पाच मुलंच बरी. सगळ्यांनी एका सुरात म्हणायची पद्धत इथे चालत नाही. आवाज मागेपुढे पोचतात आणि कोण गप्प आहे ते कळत नाही.

एक तास पाहू. विषय: काल काय खाल्लं? मूल म्हणतं, ‘मी पोळी खाल्ला.’ ही चूक नेहमीची, कारण इथे क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे नाही, तर खाल्लेल्या पदार्थाप्रमाणे बदलतं. व्याकरण सांगत न बसता बाई पडद्यावर तीन चित्रं दाखवतात: आंबा, पोळी, केळं. ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं.’ शेवटचे स्वर जुळताना ऐकू येतात. मग प्रत्येक मूल आपल्या घरातला पदार्थ कॅमेऱ्यासमोर धरून तेच वाक्य स्वतः बोलतं. शेवटची दहा मिनिटं त्याच शब्दांतली अक्षरं वहीत लिहिण्यासाठी. रोमन लिपीचा आधार इथे टाळलेला बरा, कारण ‘t’ पाहून मूल ‘पातळ’चं ‘पाटल’ करतं.

कानाची ही युक्ती भात, चिंच, दूध यांना लागू पडत नाही. तिथे तो भात, ती चिंच, ते दूध असे शब्द जोडीनेच शिकवावे लागतात.

नियम मुरला की नाही, हे न शिकवलेल्या शब्दावर कळतं. पुढच्या शनिवारी मूल आपणहून ‘मी पिझ्झा खाल्ला, पण भाकरी नाही खाल्ली’ असं म्हणालं, तर बाई पुढच्या धड्याकडे वळतात.